पहिल्या आठवड्याचा मेसेज: वेळ, माणसं आणि डबा



"सर, माणसंच मिळत नाहीत," ही तक्रार आपल्या प्रत्येक बॅचमध्ये येते. पण थोडं खोदून विचारलं की कळतं, माणूस मिळाला होता. सोमवारी कामाला आला, बुधवारपर्यंत होता, मध्ये साप्ताहिक सुट्टी आली आणि सुट्टीनंतर त्याचा फोन स्विच ऑफ. मालक म्हणतात, आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं. मी मग एवढंच विचारतो की पहिल्या आठवड्यात त्याने किती वाजता यायचं, कोणाला भेटायचं आणि दुपारी जेवायचं कुठे, हे तुम्ही त्याला आधी लिहून पाठवलं होतं का? उत्तर ठरलेलं असतं: "त्यात काय लिहायचं? आल्यावर कळतंच की."

माझं म्हणणं आहे की आल्यावर कळत नाही. आल्यावर नवा माणूस अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की तो कोणाला विचारत नाही, मनात ठेवतो. आठ-दहा माणसांच्या युनिटमध्ये एचआर नसतो, रिसेप्शन नसतं. तिथे हा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच ते काम करतो. आणि तो नीट लिहायला बसलात की आपल्याच युनिटमध्ये काय ठरलेलं नाही, हेही समोर येतं. म्हणून हा मेसेज मालकाने स्वतः लिहावा, असं माझं ठाम मत आहे. नेटवरून मोठ्या कंपनीचा नमुना उचलून पाठवू नये.

आज आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

आपलं उदाहरण

समजा, भोसरी एमआयडीसीत तुमचं सीएनसी जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. तीन मशीन, नऊ माणसं. मोठ्या कंपनीकडून चलनावर कच्चे पार्ट येतात, तुम्ही टर्निंग करता, इन्स्पेक्शन होतं आणि माल परत जातो. आतापर्यंत चलन लिहिणं, आवक-जावक रजिस्टर ठेवणं हे सगळं स्टोअर सांभाळणारे काका करत आलेत. काम वाढलं, चलनात चुका व्हायला लागल्या, म्हणून तुम्ही ऑफिस आणि डिस्पॅच बघायला एका मुलीला घेतलंत. बी.कॉम. झालेली, टॅली येतं, आधी एका दुकानात हिशेब बघायची. कारखान्यात काम करायची ही पहिलीच वेळ. सोमवारी रुजू होणार.

आता मेसेजमध्ये काय जाईल ते एकेक करून बघू.

वेळ: युनिट उघडण्याची आणि तिने येण्याची

युनिट सकाळी नऊला सुरू होतं, म्हणून आपण सहज लिहितो, "सोमवारी ९ वाजता या." इथेच पहिली गडबड होते. नऊ ते दहा हा तुमच्या युनिटचा सगळ्यात धावपळीचा तास असतो. सुपरवायझर कोणत्या मशीनवर कोणता जॉब लावायचा ते सांगत असतो, सेटिंग चाललेलं असतं, पहिला पीस तपासायला गेलेला असतो, टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत असतो. त्या तासात नवी मुलगी दारात उभी राहिली तर तिला कोणीतरी "बसा जरा" म्हणतं आणि ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाऊण तास बसून राहते. कोणी वाईट वागलेलं नसतं. पण पहिल्या दिवसाची तिची आठवण ती खुर्ची असते.

म्हणून पहिल्या दिवशी तिला दहाला बोलवा आणि मंगळवारपासून नऊला. दोन्ही वेळा लिहा. फक्त दहा लिहिलंत तर ती मंगळवारीही दहाला येईल, सुपरवायझर घड्याळाकडे बघेल आणि दोष तिच्यावर येईल.

येण्याच्या वेळेइतकीच निघण्याची वेळ महत्त्वाची, आणि ती जवळपास कोणीच लिहीत नाही. साडेपाचला सुट्टी होते, पण टेम्पो उशिरा आला की डिस्पॅचवाल्याला थांबावं लागतं. तुम्हाला हे माहीत आहे, तिला नाही. घरी आई वाट बघत असते, बस ठरलेली असते. पहिल्या आठवड्यात तिला साडेपाचला सोडायचं, हे आधी ठरवा आणि लिहा. पुढे कधी थांबावं लागणार असेल तर तेही आत्ताच सांगा. पहिल्याच दिवशी सव्वासहाला "अजून थोडं थांबा" हे ऐकणं आणि आठवडाभर आधी "महिन्यातून दोन-तीनदा साडेसहा होतात" हे वाचणं, यात खूप फरक आहे.

तिसरी गोष्ट सुट्टीची. भोसरी-पिंपरी भागातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी काम चालू असतं. जो एमआयडीसीत वाढला त्याला यात काही विशेष वाटत नाही. पण दुकानात किंवा ऑफिसात काम केलेल्या मुलीने रविवार सुट्टीचाच धरलेला असतो. तिने रविवारी गावाला जायचं ठरवलंय आणि शनिवारी संध्याकाळी तिला कळतं की उद्या यायचंय. तुमच्यासाठी ही इतकी उघड गोष्ट आहे की मुलाखतीत तुम्ही ती बोललाच नसाल. जे तुम्हाला लिहायची गरज वाटत नाही, तेच मेसेजमध्ये आधी लिहा.

आणि पत्ता. नुसता प्लॉट नंबर आणि लोकेशन पाठवून भागत नाही. जे ब्लॉक, एस ब्लॉक असे ब्लॉक, आत सारख्या दिसणाऱ्या शेडच्या रांगा, त्यात लोकेशनची पिन मागच्या गल्लीत पडलेली. बस स्टॉपवर उतरून कोणत्या बाजूला वळायचं, शेजारी कोणती ओळखीची खूण आहे, गेटचा रंग काय, एवढं दोन ओळीत लिहा. सोबत ज्याचा फोन त्या वेळी नक्की उचलला जाईल त्याचा नंबर द्या. तो बहुतेक वेळा मालकाचा नसतो. दहा वाजता तुम्ही कस्टमरच्या फोनवर असता.

माणसं: तीनच, पण प्रत्येकाचं काम लिहून

आता दुसरा भाग, भेटायची माणसं. मोठ्या कंपनीचा नमुना उचलला की त्यात येतं, "सोमवारी सर्व सहकाऱ्यांशी ओळख." तुमच्याकडे नऊच माणसं आहेत. ती पाच मिनिटांत ओळख करून घेते आणि सहाव्या मिनिटाला नावं विसरते. ओळख होऊनही तिला हे कळलेलं नसतं की अडलं तर जायचं कोणाकडे.

माझ्या मते मेसेजमध्ये तीन माणसं पुरतात. पहिलं, आल्यावर कोण भेटेल. दुसरं, काम कोण शिकवेल. तिसरं, रजा, उशीर, पैसे असं काही बोलायचं असेल तर कोणाशी बोलायचं. नावापुढे कारण लिहा, हुद्दा नाही. "सुपरवायझर" या शब्दाने तिला काही कळत नाही. "कोणता माल आज जाणार हे यांना विचारायचं" याने लगेच कळतं.

इथे एक मुद्दा मला नीट सांगायचाय, कारण बहुतेक युनिटमध्ये माणूस टिकतो की जातो ते इथे ठरतं. ज्यांची नावं तुम्ही मेसेजमध्ये लिहिणार, त्यांच्याशी आधी बोला. मेसेज आधी त्यांना दाखवा, मग तिला पाठवा.

आपल्या उदाहरणातले स्टोअरचे काका घ्या. इतकी वर्षं चलन त्यांच्या हातात आहे. अचानक सोमवारी एक शिकलेली मुलगी येते, तिच्या मोबाइलवर मालकाचा मेसेज असतो की "काका तुम्हाला चलन शिकवतील." काकांच्या मनात पहिला विचार काय येईल? "म्हणजे आता माझं काम हिला. मग मी कशाला?" काका वरून काही बोलणार नाहीत. पण रजिस्टर कपाटात राहील, किल्ली सापडणार नाही, आणि "हे तुम्हाला जमायचं नाही, मी करतो" असं दिवसातून चारदा होईल. मुलीला वाटेल की आपल्याला काम येत नाही. तुम्हाला वाटेल की मुलगी ढिली आहे. खरं कारण हे असतं की काकांना कोणी काही सांगितलेलंच नाही.

म्हणून शनिवारी काकांना चहाला बसवा आणि स्पष्ट सांगा. "काका, सोमवारपासून चलन लिहायचं काम ती मुलगी करेल. माल मोजून घेणं, रिजेक्शन वेगळं ठेवणं आणि चलनावर शेवटची सही तुमचीच. तिला शिकवायला आठवडा लागेल. दुपारी दोन ते चार हा वेळ मी तुम्हाला मोकळा देतो, त्या वेळात गाडी लावणार नाही." यात तीन गोष्टी झाल्या. काकांचं काय राहणार ते कळलं, शिकवणं हे त्यांचं काम म्हणून मान्य झालं, आणि त्याला वेळ मिळाला. वेळ न देता "जरा शिकवा हिला" म्हणणं म्हणजे काकांवर दुप्पट काम टाकणं.

काका म्हणाले, "दोन ते चार नाही जमणार, तेव्हाच बार कटिंगचा माल येतो," तर फार चांगलं. वेळ बदला. हे तुम्हाला शनिवारी कळलं, सोमवारी मुलीसमोर नाही.

जेवण: ज्याचा नियम नसतो ते

तिसरा भाग वाचून काही जण हसतील. डब्याचं काय लिहायचं?

१९४८ च्या कारखाने कायद्यात कँटीनची सक्ती अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होती आणि जेवणाच्या खोलीची दीडशेपेक्षा जास्त कामगारांसाठी. नऊ माणसांचं युनिट यात कुठेच बसत नाही. मग आपल्याकडे जेवायचं कुठे हे कोणी ठरवतच नाही, ते आपोआप ठरत जातं. ऑपरेटर मुलं मागच्या शेडमध्ये पुठ्ठा टाकून बसतात. काका स्टोअरमध्ये एकटे जेवतात. इन्स्पेक्शनच्या दोघी ताई त्यांच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबे उघडतात. जुन्या माणसांना ही मांडणी पाठ असते. नव्या मुलीला एक वाजता घंटा वाजल्यावर डबा हातात घेऊन उभं राहावं लागतं आणि कोणी "या" म्हणेपर्यंत थांबावं लागतं. कोणी म्हणालं नाही तर ती कॉम्प्युटरसमोर एकटीच जेवते. दुसऱ्या दिवशीही तिथेच, आणि मग तीच तिची जागा होऊन जाते.

यावर मालकांचा लाडका उपाय म्हणजे, "पहिल्या दिवशी माझ्यासोबत केबिनमध्ये जेव." हेतू चांगला आहे, पण माझ्या मते हे टाळा. काचेच्या केबिनमध्ये मालकासोबत जेवणारी नवी मुलगी बाहेरच्यांना कशी दिसते, याचा विचार करा. "शेठची माणूस आहे, जपून बोला." एका जेवणाने तिच्याभोवती भिंत उभी राहते आणि ती पाडायला महिना जातो. तुम्हाला तिच्यासोबत चहा घ्यायचा असेल तर चार वाजता सगळ्यांबरोबर घ्या.

तिला इन्स्पेक्शनच्या ताईंसोबत बसवा. अर्थात ताईंना आधी विचारून. त्यांच्या डब्याच्या काही पद्धती असतील. कोणी मंगळवारी उपवास करतं, कोणाला टेबलावर अंडं-मासे चालत नाहीत, भाज्या मध्ये ठेवून वाटून खायची सवय असते. हे माहीत नसताना नव्या माणसाची फार कुचंबणा होते. आपला डबा मध्ये ठेवायचा की स्वतःपुरता ठेवायचा, इतकी साधी शंका असते, पण ती विचारणार कोणाला? ताईंपैकी एकीने पहिल्या दिवशी हाक मारली की हे सगळं आपसूक सुटतं. ती हाक नशिबावर सोडू नका. ताईंना सांगा, "सोमवारी एक वाजता तिला तुम्ही बोलवा."

बाकीच्या गोष्टी दोन ओळीत येतात. सुट्टी किती वेळ, पिण्याचं पाणी कुठे, डबा गरम करायची सोय आहे की नाही, चहा किती वाजता आणि पैसे कोण देतं. शेवटचं नक्की लिहा. पहिल्या दिवशी चहा आला की नवा माणूस खिशात हात घालू की नको या विचारात अवघडतो. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह कुठे आहे, हेही याच ठिकाणी लिहा. कारखान्यात पहिल्यांदा येणारी मुलगी हे विचारायला लाजते. आणि लिहिताना तुम्हालाच लाज वाटली, कारण तिथे कडी तुटलेली आहे, तर शनिवारीच सुतार बोलवा. मेसेजचा फायदा मी सुरुवातीला सांगितला तो हाच.

पहिल्या दिवशीचं जेवण युनिटतर्फे मागवा. एका थाळीचा खर्च आहे. पण त्यासाठी तिला प्रश्न विचारावा लागतो: शाकाहारी की मांसाहारी, उपवास आहे का, की घरूनच डबा आणणार? हा प्रश्न फार कामाचा आहे. निळ्या टिका दिसल्या म्हणजे मेसेज वाचला एवढंच कळतं. जेवणाबद्दल उत्तर आलं म्हणजे माणूस मनाने यायला तयार आहे हे कळतं. शनिवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेसेजला रविवारी दुपारपर्यंत उत्तर नसेल तर फोन करा. तिला दुसरीकडे नोकरी मिळाली असेल तर ते सोमवारी दहा वाजता कळण्यापेक्षा रविवारी कळलेलं बरं.

मेसेज असा दिसेल

हे सगळं एकत्र केलं की मेसेज साधारण असा होतो. मोकळ्या जागी नावं टाका.

"नमस्कार …… ,
सोमवारी तुम्ही आपल्याकडे रुजू होताय, त्याबद्दल सगळ्यांना सांगितलं आहे.

येणं-जाणं: सोमवारी सकाळी १० ला या. मंगळवारपासून ९ ला. संध्याकाळी ५.३० ला सुट्टी. या आठवड्यात तुम्हाला थांबवणार नाही. पुढे महिन्यातून दोन-तीनदा ६.३० होऊ शकतात, ते सकाळीच सांगू. आपली सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम असतं.

पत्ता: लोकेशन खाली पाठवलंय. स्टॉपवर उतरून वजनकाट्याच्या बाजूच्या रस्त्याने आत या, डावीकडचं तिसरं निळं गेट. सापडलं नाही तर …… ताईंना फोन करा, नंबर ……

कोणाला भेटायचं: आल्यावर …… ताई (इन्स्पेक्शन) भेटतील, त्या युनिट दाखवतील. चलन आणि रजिस्टर …… काका (स्टोअर) शिकवतील, रोज दुपारी २ ते ४. रजा, उशीर, पगार याबद्दल थेट माझ्याशी बोला.

काम: सोमवारी आणि मंगळवारी फक्त बघायचं आणि काकांसोबत आवक रजिस्टर भरायचं. बुधवारी दोन चलनं तुम्ही लिहायची, काका तपासतील. शुक्रवारपासून टॅलीतल्या नोंदी सुरू करू. बुधवारी ५ वाजता आपण पंधरा मिनिटं बसू, काय अडतंय ते बोलू.

जेवण: १ ते १.३०. ताईंसोबत इन्स्पेक्शनच्या खोलीत. सोमवारी तुमचं जेवण आपल्याकडे, मंगळवारपासून डबा आणा. गरम करायची सोय नाही. चहा ११ आणि ४ वाजता, युनिटतर्फे. बायकांचं स्वच्छतागृह इन्स्पेक्शनच्या मागे आहे.

सोबत आणा: आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो. पायात बंद बूट किंवा सँडल घाला, खाली धातूचा चुरा असतो. ओढणी घेत असाल तर मशीनजवळ जाताना पिन लावून घट्ट बांधा.

सोमवारी जेवण शाकाहारी मागवू की मांसाहारी? उपवास असेल तर तेही कळवा."

बस्स. एवढंच. वाचायला दोन मिनिटं लागतात. तासातासाचं वेळापत्रक यात मुद्दाम नाही. "१०.०० ते १०.३० ओळख, १०.३० ते ११.१५ युनिट फेरी" असं छोट्या युनिटमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका. साडेदहाला तातडीचा माल आला की तुमचं वेळापत्रक कोलमडतं, आणि पहिल्याच दिवशी तिला दिसतं की इथे लिहिलेलं पाळत नाहीत. घड्याळाची वेळ फक्त जी तुम्ही नक्की पाळू शकता तीच लिहा. बाकीचं दिवसापुरतं लिहा.

वाचायची फार सवय नसलेला हेल्पर किंवा ऑपरेटर असेल तर हेच व्हॉइस मेसेजमध्ये बोला, दोन-तीन छोट्या तुकड्यांत. हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत. वेळ आणि फोन नंबर तेवढे लिहूनही पाठवा, कारण ते ऐकून लक्षात राहत नाहीत.

बुधवारची पंधरा मिनिटं

या मेसेजमधली माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे बुधवारी पाच वाजताची. माणूस कामावर असताना सहसा निर्णय घेत नाही. सुट्टीच्या दिवशी घेतो. घरचे विचारतात, "कसं आहे गं तिथे?" आणि तिने तीन दिवसांत मनात साठवलेलं सगळं बाहेर येतं. तेच जर बुधवारी संध्याकाळी तुमच्यासमोर आलं तर त्यातलं निम्मं तिथल्या तिथे सुटतं.

त्या बैठकीत "काही अडचण?" असं विचारू नका. उत्तर "नाही" असंच येतं. मेसेजवरूनच विचारा. काकांसोबत दोन तास रोज मिळाले का? जेवायला कुठे बसता? घरी किती वाजता पोहोचता? ती म्हणाली, "जेवायला तिथेच टेबलावर बसते, काम असतं," तर समजा की ताईंची हाक झालेली नाही. ती म्हणाली, "काका बिझी होते," तर दोन ते चार तुम्ही गाडी लावली होती का ते आठवा. ती जर "हे कोणाला विचारू?" असं तुम्हालाच विचारत असेल, तर तीन माणसांचा भाग फसलेला आहे. दोष शोधायचा तो त्या ओळीत, तिच्यात नाही.

"एवढे लाड कशाला?"

हा प्रश्न येणारच. काही जण म्हणतील, आम्हीही असेच शिकलो, कोणी डब्याचं विचारलं नव्हतं. खरं आहे. पण तेव्हा बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाने कामाला लावलेलं असायचं. मामा, गावाकडचा दादा, शेजारचे काका त्याच कारखान्यात असायचे आणि हे सगळं तेच सांगायचे. आज तुम्ही मोबाइलवर जाहिरात टाकून अनोळखी माणूस घेता. त्या दादाची जागा रिकामी आहे. ती जागा या मेसेजने भरायची आहे.

याच्या मर्यादाही सांगतो. पगार बाजारापेक्षा कमी असेल, सुपरवायझर शिव्या घालत असेल, तर कितीही छान मेसेज पाठवा, माणूस जाणारच. मेसेज म्हणजे नियुक्तीपत्रही नाही. पगार, हुद्दा, अटी यांचं पत्र वेगळं द्यायचं, ते या मेसेजवर उरकू नका. आणि जे पाळता येणार नाही ते लिहू नका. "या आठवड्यात थांबवणार नाही" असं लिहून मंगळवारी सात वाजेपर्यंत थांबवलंत, तर न लिहिलेलं परवडलं असतं.

तर तुमचं युनिट कुठलंही असो, मसाला पॅकिंग, टेलरिंग, झेरॉक्सचं दुकान, आज संध्याकाळी एक कागद घ्या. कोणी नवा येणार नसला तरी हरकत नाही. त्यावर तीनच ओळी लिहा: आपल्याकडे माणूस नक्की किती वाजता सुटतो, नव्याला काम कोण शिकवतं, आणि तो दुपारी कोणाशेजारी बसून जेवतो. मग तो कागद तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या माणसाला दाखवा आणि विचारा, "हे खरं आहे का?" तो जिथे हसेल, ती ओळ आधी दुरुस्त करा.